मखमल आणि खिळे

काळं घालणाऱ्या मुलीला काळं घालणारा मुलगा शोधायचा, एवढंच डोकं आमच्या आत्यानं लढवलं आणि तेवढ्यावर छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले असं तिला वाटलं. पत्रिका वगैरे नंतर. आधी तिनं मोबाइलवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, आईसमोर धरले आणि म्हणाली, "वहिनी, बघा. दोन घरं नासण्यापेक्षा एकच नासलेलं बरं."

आईनं चष्मा लावून बघितलं. एका फोटोत मी, दुसऱ्यात तो. दोघंही काळ्यात, दोघंही न हसणारे. आईच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत एवढं समाधान पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या ऑफिसात बसायचे. सोमवार ते शनिवार फिकट कुर्ते, आणि रविवारी मी माझी. रविवारी मी गॉथ असायचे. हा शब्द घरात कुणाला नीट बोलता येत नव्हता, म्हणून त्याला 'तिचं ते काळं' असं नाव पडलं होतं. पायघोळ मखमली झगा, आवळलेली कंबर, कोपरापासून खाली सैल होत जाणाऱ्या बाह्या, गळ्याला चांदीचा ब्रोच, टोकदार बूट. जिन्यात भेटल्या की शेजारच्या काकू विचारायच्या, "काय गं, रामकुंडावर दहाव्याला चाललीस का?" मी त्यांना सांगायचे की परदेशात दुःखाचा रंग काळा असतो. त्यावर आई म्हणायची, "मग इकडच्यासारखं पांढरं घाल की. निदान उन्हात बरं पडेल."

तर आतापर्यंतच्या स्थळांना माझं कपाट कुलूप लावून दाखवलं गेलं होतं. पाहुणे येणार म्हटलं की आई माझे बूटसुद्धा कॉटखाली सरकवायची. तरी कुणीतरी फोनवर माझे फोटो शोधून काढायचंच, आणि मग 'मुलगी चांगली आहे, पण' असा निरोप यायचा. या वेळी मात्र आत्यानं ऑर्डरच काढली, "तुझं ते काळंच घाल." माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला मी आहे तशी पोहे घेऊन बाहेर यायला सांगितलं जात होतं. मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर रडूही आलं.

मुलगा मूळचा चांदवडचा. घरची कांद्याची शेती, हा नाशकात खोली घेऊन राहायचा आणि अंबडमध्येच एका टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार द्यायचे साचे, बनवायचा. तो आई-वडिलांना घेऊन आला, आणि दारातच माझ्या लक्षात आलं की आत्यानं काय घोळ घातलाय.

तो पंक होता.

आता वाचणारा म्हणेल, मग काय झालं? काळं ते काळं. आत्याही हेच म्हणाली होती. म्हणून जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावरूनच घडलं. दोन्ही मूळच्या विलायती गाण्यांच्या वेडातून आलेल्या तऱ्हा, आणि गॉथ हे पंकच्याच घरातून वेगळं निघालेलं बिऱ्हाड. एकाच चुलीवर वाढलेली दोन भावंडं, म्हणून काही भांडी दोघांकडं सारखीच. जाड तळव्याचे बूट, खिळ्यांचे पट्टे, फाटक्या जाळीचे मोजे दोन्हीकडं सापडतील. पण चूल वेगळी झाली ती झालीच.

त्याचं जॅकेट चामड्याचं, मोटरसायकलवाल्यांसारखं तिरप्या चेनचं, आणि कमरेपाशी संपलेलं. त्याखाली नळीसारखी अरुंद पँट आणि त्याखाली धोंड्यासारखे बूट. म्हणजे माणूस वर रुंद, मध्ये काटकुळा आणि खाली परत जड. माझं नेमकं उलटं. खांदे अंगाबरोबर, कंबर आत आणि तिथून आठ कळ्यांचा घेर थेट जमिनीपर्यंत, मागं वीतभर लोळणारा. त्याला पाहिलं की डोळा टोचून घेऊन इकडून तिकडं उड्या मारतो. माझ्याकडं पाहिलं की मानेपासून खाली सरळ उतरत जातो. निदान मी शिवताना तसं ठरवलं होतं.

रंगाचं म्हणाल तर त्याचा काळा हा काळा नव्हताच. उन्हानं उडून राखेसारखा झालेला, आणि तो त्यानं मुद्दाम तसाच ठेवलेला. त्या काळ्याचं काम फळ्याचं, वर काहीतरी लिहायला. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'भाव द्या, उपदेश नको'. अक्षरं वाकडी, आणि रंगाचे ओघळ तसेच. माझ्याकडं एकाच झग्यात चार काळे होते. मखमलीचा उजेड गिळणारा काळा, बाह्यांच्या आतल्या सॅटिनचा चकाकणारा, कडेच्या लेसमधून खालचं दिसणारा, आणि फितीचा. हे चार एकमेकांशेजारी बसवायला मला तीन रविवार लागले होते. आत्याला विचाराल तर सगळं मिळून एकच रंग, आणि तोही अशुभ.

"नमस्कार करा मोठ्यांना," आत्या म्हणाली. इथून तमाशा सुरू झाला. माझ्या कमरेला कॉर्सेटची, म्हणजे आत कडक पट्ट्या घालून मागं दोरीनं आवळलेली, बांधणी होती. तिच्यात माणूस कमरेत वाकू शकत नाही, म्हणून मी पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसले आणि उठले, चारही मोठ्यांसमोर, चार वेळा. त्याच्या पँटला एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पट्टा होता, बकलानं जोडलेला. पंकांमध्ये असते तशी पँट. मुद्दाम पायात घालून घेतलेली बेडी. तो वाकला तेव्हा पट्टा आमच्या खुर्चीच्या पायात अडकला आणि पुढं सरकला तेव्हा खुर्ची बरोबर आली. त्याच्या आई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आरं, पोहे खायला आलाय का नांगराला जुपलाय तुला?"

मला तो तिथंच आवडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की हिच्या मनातच नव्हतं.

आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं. बाकीची मुलं गच्चीवर पगार आणि पॅकेज विचारतात. यानं माझ्या कमरेकडं बोट न दाखवता, हनुवटीनंच विचारलं, "आत काय घातलंय? लोखंड?"

"केबल टाय," मी म्हणाले. "वायरी बांधायचे प्लॅस्टिकचे पट्टे, इलेक्ट्रिकच्या दुकानातले जाड. टोकं कापून मेणबत्तीवर गोल केलेत, नाहीतर कापड फोडून बाहेर येतात."

"कापड कुठलं?"

"आतून ड्रिल. आपल्याकडं कामगारांच्या युनिफॉर्मला असतं ते. ताणत नाही. वरून मखमल."

"आणि मागची रिंगांची भोकं?"

"ताडपत्रीवाल्याकडून. दोन भागांची असते रिंग, हातोडीनं ठोकायची. कमरेपाशी जरा जवळजवळ घ्यायची, ताण तिथं जास्त येतो."

त्यानं मान हलवली. कारागीर कारागिरासमोर हलवतो तशी. मग त्यानं बाही पुढं करून मला त्याचे खिळे दाखवले. चौकोनी, पिरॅमिडसारखे. बाजारात पातळ मिळतात म्हणून त्यानं जेवणाच्या सुट्टीत स्वतः डाय बनवून पत्र्यातून काढले होते. मागं दोन पाय असतात. ते चामड्यातून आरपार घालायचे आणि आतून दुमडायचे. खांद्यावरचे शंकूसारखे मात्र स्क्रूचे, कारण तिथं बॅग घासते. ठिगळं दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्यानं शिवलेली, कारण तो दोरा तुटत नाही. आणि जिथं जिथं कातडं फाटलं तिथं तिथं सेफ्टी पिना.

"शिवून का नाही टाकलंस?" आम्ही कधी एकेरीवर आलो ते कळलंच नाही.

"शिवलं तर फाटलेलं दिसणार कसं? फाटलंय हे दिसलं पाहिजे ना." मग माझ्या गळ्याकडं बघून म्हणाला, "तुझं लोखंड सगळं नटायला. ब्रोच, साखळी, बकल."

"नटायला नाही. पुढचे हूक झगा बंद करतात, मागची दोरी कंबर धरते. माझ्याकडं प्रत्येक धातूला काहीतरी काम आहे किंवा कुणाची तरी आठवण आहे. हा ब्रोच माझ्या आजीच्या जोडव्यांच्या चांदीचा. तुझ्याकडं पिना म्हणजे जखमेला टाके घालून वर ते टाके मिरवायचे."

"बरोबर," तो खूश होऊन म्हणाला. "आणि तुझ्याकडं जखम मखमलीत गुंडाळून ठेवायची."

असे आम्ही अर्धा तास भांडलो. इतकं छान माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं. खाली आलो तेव्हा आत्यानं आमचे चेहरे बघितले आणि पेढ्यांचा बॉक्स उघडला.

पण पौष लागायला चार दिवस होते. पौषात साखरपुडा नाही, तो माघात धरायचा. तोवर मुलगी फिरली तर, या धास्तीनं आत्यानं मधला मार्ग काढला. संक्रांतीला काळं चालतं. चालतं काय, बायका हौसेनं चंद्रकळा नेसतात. मग संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्याकडं तिळगुळाचा कार्यक्रम करायचा, दोन्हीकडची माणसं बोलवायची आणि वर्षातल्या या एकाच सणात 'तुमच्या त्या काळ्याची' हौस उरकून टाकायची. एकदा सगळ्यांनी बघितलं की लग्नात शेवाळी आणि मोतिया, असा तिचा हिशेब. वरवर पाहिलं तर ही केवढी मोठी मान्यता. आतून पाहिलं तर पोलिओचा डोस, थोडंसं पाजून पुढचं सगळं टाळायचं.

आणि तिनं ठरवलं की त्या दिवशी मुला-मुलीचं मॅचिंग असलं पाहिजे.

मॅचिंग ही आमच्याकडची नवी देवता आहे. हळदीला नवरा-नवरी मॅचिंग, त्यांचे आई-बाप मॅचिंग, बारशाला बाळ आणि पाळणा मॅचिंग. फोटोग्राफर आधी मॅचिंग विचारतो आणि मग भटजींची वेळ. आत्यानं आईकडून माझा झगा मागून नेला. "मापाला हवाय," म्हणाली. टेलरकडं जुना कपडा मापाला देणं यात कुणाला काय वावगं वाटणार? मी ऑफिसात होते. आईनं कपाट उघडून, घडी घालून, पिशवीत भरून दिला. मखमलीची घडी घालू नये हे मी तिला वीसदा सांगितलं होतं. तिकडं त्याच्या आईनं त्याचं जॅकेट असंच दिलं. दोन्ही आमच्या सिडकोतल्या जुन्या टेलरकडं पोचली. संध्याकाळी मला कळलं तेव्हा मी चिडले, पण फक्त घडीवरून. माप घेऊन परत येईल, असंच मलाही वाटलं.

टेलर शहाणा माणूस. त्याला सांगितलं होतं, मॅचिंग करा. त्यानं मार्केटमध्ये चौकशी केली, असले खिळे कुठं मिळत नाहीत, अशी लेस मिळत नाही. मग त्यानं विचार केला की नवीन शिवायचंच कशाला? याचं थोडं तिला द्यायचं, तिचं थोडं याला. अर्धं-अर्धं. दोन्ही पक्षांना न्याय. आत्यानं फोनवर 'वा वा' म्हणून परवानगी दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला ती दोन पिशव्या घेऊन आली. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं होती, बायका काळ्या साड्यांत, तिळगुळाची ताटं फिरत होती. सगळ्यांसमोर तिनं पिशव्या उघडल्या, सरप्राइज म्हणून.

माझ्या झग्याच्या छातीवर साठ खिळे होते. टेलर कलाकार माणूस, त्यानं नुसते लावले नव्हते. कोयरीची नक्षी काढली होती. दोन समोरासमोरच्या कोयऱ्या, पैठणीच्या पदरावर असतात तशा, पत्र्याच्या पिरॅमिडमध्ये. खालचा लोळणारा घेर त्यानं मागून दीड वीत, पुढून चार बोटं उडवून घोट्यावर आणला होता, 'चिखलात खराब होतो' म्हणून, आणि कडेला सेफ्टी पिनांची झालर लावली होती. तिथून काढलेली लेस जॅकेटच्या कॉलरला आणि मनगटांना गेली होती. 'भाव द्या, उपदेश नको' याच्या भोवती लेसची चौकट होती, देवाच्या फोटोला असते तशी. आणि आजीचा ब्रोच त्याच्या खिशावर.

पहिल्यांदा मला हसू फुटलं, हे कबूल करते. मग मी झगा हातात घेतला.

त्यानं जॅकेट उचललं, उलटंसुलटं बघितलं आणि पोट धरून हसला. ब्रोच काढून माझ्या हातात दिला. कॉलरची लेस दातानं धरून ओढली, अर्धी फाटली, अर्धी लोंबत राहिली. ती त्यानं तशीच ठेवली. जिथले खिळे काढले होते तिथं जोडीजोडीनं भोकं पडली होती, त्यात माझ्या झालरीच्या पिना काढून घातल्या. पाठीवरची चौकट चुरगळून तिरकी केली. पाच मिनिटांत त्यानं ते अंगात घातलं, आणि मी शपथेवर सांगते, ते आधीपेक्षा चांगलं दिसत होतं. चामडं असं असतं आणि पंकही असंच असतं. त्याचा अपमान केलात तर तोच त्याचा दागिना होतो.

"बघा," आत्या सगळ्यांना म्हणाली, "किती समजूतदार मुलगा! एका शब्दानं बोलला नाही."

मग सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"जा, घालून ये," आई हळूच म्हणाली.

मी त्याला खिडकीपाशी बोलावलं आणि उजेडात झगा धरला. मखमलीला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेनं कापावे लागतात, लव खालून वर जाईल असे, तर काळा खोल दिसतो. एक कळी जरी उलटी लागली तरी ती फिकी पडते. इस्त्री वरून फिरवत नाहीत, वाफ देतात, तीही उलट्या बाजूनं. टाचणीचा ठसासुद्धा राहतो. मी खिळा नखानं उचकटून दाखवला. खाली लव चेचलेली, चौकोनाचा ठसा, आणि दोन पायांच्या दोन फटी, धागे तुटलेले. आतल्या ड्रिलपर्यंत. असे साठ. शिवाय पत्र्याच्या वजनानं छाती खाली ओढली गेली होती, त्यामुळं कमरेची रेषा जिथं हवी तिथं राहिली नव्हती, आणि मागचा घेर गेल्यामुळं तो झगा आता झगा नव्हता, उंच बाईनं घातलेला आखूड गाऊन होता. तो शिवायला मला आठ महिने लागले होते.

"भोकं आहेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच माया होती, हेच अवघड होतं. "असू देत ना. त्यात पिना टाकू. भारी दिसेल. माझ्या जॅकेटला पण साठ जोड्या पडल्यात."

"तुझ्या जॅकेटला भोकं शोभतात."

"मग तू पण तसं बघ त्याच्याकडं. होईल सवय."

गच्चीवर ज्यानं माझ्या रिंगांचं अंतर विचारलं होतं, तोच हा. त्याला वजन कळत होतं, धागा कळत होता, ताण कळत होता. त्याचं काहीच गेलं नाही आणि माझं सगळं गेलं, हे मात्र त्याला दिसत नव्हतं, कारण दोघांकडं भोकांच्या जोड्या साठच होत्या. पुढची चाळीस वर्षं मला दिसली. दोघांनाही सारखंच सोसावं लागेल, तो हसून पिन लावील, आणि मग सगळ्या माना माझ्याकडं वळतील.

त्याच्या आई जवळ आल्या. बाई प्रेमळ होत्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, कापडच हाय ना ते? यवढं लय मनाला नको लावून घेऊ. त्यानं घेतलंच ना चालवून?"

"हो काकू," मी म्हणाले. "त्याचं चालतंय. माझं नाही चालत."

मी आत गेले, ऑफिसचा फिकट पिस्ता कुर्ता घातला आणि बाहेर येऊन तिळगुळाचं ताट उचललं. अख्ख्या काळ्या हॉलमध्ये मी एकटीच फिकी. एकेकाच्या हातावर तिळगूळ ठेवत गेले, गोड बोला म्हणत गेले, आणि त्याच्यापाशी पोचले तेव्हा म्हणाले, "मला हे लग्न नाही करायचं." तिळगूळ त्याच्या हातातच राहिला. त्याचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

पण नकार असा ताटातून देता येत नाही. मुलीनं दिला तर तो रुसवा असतो, आणि रुसवा काढायचा असतो. माणसं जाताना एकमेकांना डोळ्यांनी सांगत गेली, दोन दिवसांत येईल वळणावर. सगळ्यात शेवटी आत्या गेली, जाता जाता म्हणाली, "वहिनी, तुम्ही समजूत घाला. एका झग्यावरून एवढं चांगलं स्थळ कुणी मोडतं का? त्यानं ॲडजस्ट केलं की नाही? उद्या फोन करते, होकार तयार ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी उठून बघते तर आई स्वयंपाकघरात. गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होतं आणि ती झगा उलटा करून, हात लांब धरून, वाफेवर फिरवत होती. उलट्या बाजूनं, मी सांगितलं होतं तसंच. सगळे खिळे तिनं सांडशीनं काढून वाटीत ठेवले होते. जुना टूथब्रश घेऊन लव वर उचलत होती. मी दारात उभी राहिले. तिला वाटलं होतं की हे निस्तरलं तर मीही निवळेन, हे मला कळत होतं.

बराच वेळ गेला. चेचलेले चौकोन बऱ्यापैकी गेले. मग तिनं झगा खिडकीच्या उजेडात धरला आणि प्रत्येक ठिकाणी दोन-दोन बारीक उजेड दिसले.

"ही नाही का बुजत?" तिनं विचारलं.

"नाही."

"रफू?"

"दिसतो मखमलीवर."

तिनं एका भोकावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. "माझ्या लग्नात मला माझ्या आईनं सांगितलं होतं की बुजतात," ती म्हणाली. "वर्ष-दोन वर्षं लागतात म्हणाली होती."

फोन वाजला. आत्याचा. मी हात पुढं केला, पण आईनं ओल्या हातानंच तो उचलला. "वन्सं," ती म्हणाली, "त्यांना नाही म्हणून कळवा. नाही, तिचं नाही. माझं नाही म्हणून सांगा."

मग तिनं गॅस बंद केला.